काळी जर, उजळ जर : सोलापुरातील एका मखमली आसनाचे वय

सोलापुरात बाळीवेस भागातल्या एका जुन्या वाड्यात संक्रांतीच्या सुमारास, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या दिवसांत, देवघरातील चौरंगावर एक मखमली आसन अंथरले जाते आणि यात्रा सरली की ते पुन्हा ट्रंकेत जाते. आसन साधारण 64 सेंटिमीटर लांबरुंद चौकोनी आहे. मखमल गडद जांभळट लाल, मधोमध मोठे भरगच्च फूल, चार कोपऱ्यांत चार कोयऱ्या आणि कडेने फिरणारी वेल, हे सगळे सोनेरी जरीत भरलेले. घरातील थोरल्या काकूंनी मला बोलावले ते त्यांच्या तीन दिरांमध्ये वाटणी होत होती म्हणून. आसन पेशवाईतले आहे अशी घरात पिढ्यानपिढ्या समजूत होती आणि बाहेरगावच्या एका व्यापाऱ्याने त्या समजुतीवर शिक्कामोर्तबही केले होते. त्याचे म्हणणे असे की, एवढी काळी पडलेली जर दोनशे वर्षांशिवाय होत नाही. आसन ज्याच्या वाट्याला जाईल त्याने इतरांना किती द्यायचे, हे त्या दोनशे वर्षांवर ठरणार होते.

पहिल्या भेटीत माझीही चूक झाली, ती आधीच सांगून टाकतो. देवघरातल्या साठ वॉटच्या पिवळ्या दिव्याखाली मी आसन पाहिले. किनारीची वेल सर्वत्र काळी होती, कोयऱ्या आणि फूल मात्र निम्मे काळे, निम्मे उजळ दिसत होते. मी वहीत लिहिले, ‘वेल मूळची, फूल व कोयऱ्या नंतर दुरुस्त केलेल्या.’ ही नोंद नेमकी उलटी निघाली. त्या व्यापाऱ्याने जे केले तेच मीही केले होते, म्हणजे काळेपणाला वय समजलो होतो.

दुसऱ्या भेटीत आसन अंगणात, उन्हात नव्हे पण उघड्या उजेडात, स्वच्छ पांढऱ्या चादरीवर पसरले. तेव्हा पहिली गोष्ट लक्षात आली ती मधल्या फुलाविषयी. काळे आणि उजळ यांची सीमा फुलाच्या बरोबर मधून, जवळजवळ पट्टीने आखल्यासारखी आडवी जात होती. एकाच पाकळीत वळसा घेऊन गेलेला एकच धागा सीमेच्या वर सोनेरी होता आणि खाली गडद तपकिरी, कुठे कुठे निळसर छटेचा काळा. एक धागा दोन काळांत भरला जात नाही. मग सीमेचे कारण कशात असावे, म्हणून आसन ट्रंकेत कसे ठेवतात ते काकूंना करून दाखवायला सांगितले. त्यांनी ते अस्तर आत घेऊन आडवे दुमडले, मग वरचा अर्धा भाग आत येईल असे उभे दुमडले आणि घोंगडीत गुंडाळले. या घडीत आसनाच्या वरच्या अर्ध्या भागातील जर एकमेकींना लागून आत राहते आणि खालचा अर्धा भाग दोन्ही बाजूंनी थेट लोकरीला टेकतो. काळा होता तो हाच खालचा अर्धा भाग.

लोकरीत गंधक असते आणि ती त्याची संयुगे हळूहळू वायूच्या रूपाने सोडत राहते. चांदीला ती लागली की तिच्यावर चांदीच्या सल्फाइडचा थर धरतो. आधी पिवळट, मग तपकिरी, मग निळसर-जांभळा आणि शेवटी काळा. सोने स्वतः काळे पडत नाही, पण जरीवरचा मुलामा इतका पातळ असतो की तार ओढताना त्याला बारीक छिद्रे आणि लांबट चिरा पडतात आणि गंधक त्यांतून खालच्या चांदीपर्यंत पोचते. त्यामुळे जरीचा काळेपणा बऱ्याचदा इतकेच सांगतो की, ही जर कशाच्या शेजारी पडून होती. सोलापूर जिल्ह्यात घोंगडी घरोघरी होती आणि ठेवणीतली वस्तू घोंगडीत गुंडाळणे ही त्या काळची काळजीच होती, एवढे मात्र इथे सांगायला हवे. काकूंना ते ऐकून उगाच अपराधी वाटले.

हा काळेपणा खरा आहे की मुद्दाम आणलेला, हेही पाहायला हवे होते, कारण नवी जर गंधकाच्या द्रावणात बुडवून किंवा वाफेवर धरून काही तासांत काळी करता येते. याची परीक्षा सोपी असते. भरतकामात जर कापडावर पसरून वरून बारीक रेशमी टाक्यांनी अडकवलेली असते. जिथे टाका जरीवरून जातो, तिथली जर हवेपासून झाकलेली राहते. काळ्या भागातील एक सैल टाका सुईच्या टोकाने हलकेच बाजूला सारला तर त्याच्याखाली जरीवर केसाएवढी उजळ सोनेरी रेघ होती. अशा रेघा मी पाच ठिकाणी पाहिल्या आणि पाचही ठिकाणी त्या होत्या. द्रावणाने काळी केलेली जर टाक्याखालीही काळीच निघते, कारण द्रव दोऱ्याला लागून आत झिरपतो. त्यामुळे हा काळेपणा वर्षानुवर्षे धरत गेलेला होता, एवढे ठरले.

तार

वय ठरवायचे तर तारेकडे जायला हवे आणि तारेत सर्वांत बोलका असतो तो कलाबतू. कलाबतू म्हणजे रेशमाच्या किंवा सुताच्या गाभ्यावर धातूची चपटी पट्टी मळसूत्रासारखी गुंडाळून केलेला धागा. पट्टी कशाची, गाभा कशाचा आणि मुलामा कधी चढवला, हे तीन प्रश्न विचारले की निम्मे काम होते. मात्र त्यासाठी धागा उलगडावा लागतो आणि उलगडलेला धागा परत जागेवर जात नाही. म्हणून सुटलेले टोक सापडल्याशिवाय आणि मालकाची परवानगी असल्याशिवाय हे करू नये. इथे मधल्या फुलाच्या एका पाकळीच्या टोकाला सात मिलिमीटरचे टोक आधीच लोंबत होते आणि किनारीच्या वेलीचे तर अनेक ठिकाणी धागे निघाले होते. दोन्ही ठिकाणचे नमुने घेतले.

आधी फुलाचा. मोबाइलला लावायच्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली, साधारण साठपट मोठा करून, पट्टी सुईने सोडवली. पट्टीवर लांबीच्या दिशेने समांतर बारीक रेघा होत्या आणि तिच्या कडा गोलसर होत्या. याचा अर्थ, पत्रा कापून ही पट्टी केलेली नाही. गोल तार जंत्रीच्या, म्हणजे तार बारीक करायच्या साच्याच्या, छिद्रांतून ओढून मग ती चेपून चपटी केली आहे. कापलेल्या पट्टीच्या कडा धारदार आणि थोड्या खडबडीत असतात. मग पट्टी उलटी केली. गाभ्याला चिकटलेली आतली बाजूही सोनेरीच होती. गाभा पिवळा असला तर त्याच्या रंगाचा भास होऊ शकतो, म्हणून ती बाजू ओल्या कापसाने पुसून पांढऱ्या बशीवर ठेवून पाहिली, तरी ती सोनेरीच राहिली.

या एका निरीक्षणावर बराच भार आहे, म्हणून ते सावकाश समजावून सांगतो. जुन्या रीतीत चांदीच्या कांबीवर सोन्याचा पत्रा गुंडाळून, तापवून तो चांदीला धरवत आणि मग ती कांब ओढून ओढून तार करत. सोने कांबीच्या सगळ्या बाजूंना असल्यामुळे ते तारेच्याही सगळ्या बाजूंना येते आणि तार चेपली की पट्टीच्या दोन्ही अंगांना सोने राहते. विसाव्या शतकात सुरतेच्या धंद्यात विजेने मुलामा चढवण्याची रीत रूढ झाली, तेव्हा क्रम उलटला. पट्टी आधी गाभ्यावर गुंडाळायची आणि मग तयार धागाच मुलाम्याच्या हौदातून फिरवायचा. अशा धाग्यात सोने फक्त बाहेरच्या अंगाला बसते आणि गाभ्याकडचे अंग पांढरे राहते. म्हणून पट्टी उलटी करून पाहिल्याशिवाय जरीविषयी काहीही बोलू नये, असे माझे मत आहे. अर्थात दोन्ही अंगांना सोने असले म्हणून धागा अमुक सालाचा असे ठरत नाही, कारण जुनी रीत नव्या रीतीच्या जोडीने बराच काळ चालू होती. एवढेच ठरते की, ही पट्टी मुलाम्याच्या हौदातून निघालेल्या धाग्याची नाही.

पट्टीचे टोक नव्या पात्याने कापले आणि छेद पाहिला. छेद आरपार पांढरा होता, म्हणजे आत चांदी होती. इथे नुसता ओरखडा काढून भागत नाही, कारण चांदी चढवलेल्या तांब्याची पट्टी असली तर ओरखड्यातही आधी पांढरेच दिसते. तांब्याचा लाल रंग छेदातच उघडा पडतो. गाभा फिक्या पिवळ्या रंगाचा, लांब सलग तंतूंचा आणि जवळजवळ बिनपिळाचा होता. त्याचा तीन मिलिमीटरचा तुकडा चिमट्यात धरून पेटवला तर जळक्या केसांचा वास आला, ज्योत काढताच तो विझला आणि मागे चिमटीत भुगा होणारी काळी राख उरली, म्हणून ते रेशीम ठरले. खात्रीसाठी मधल्या मारुतीजवळच्या एका सराफाकडे, त्यांच्या क्ष-किरणांच्या यंत्रावर उरलेली पट्टी ठेवली. यंत्राने बहुतांश चांदी, थोडे सोने आणि अगदी थोडे तांबे दाखवले. एक सावधगिरी इथे बाळगावी लागते. यंत्राचे किरण इतकी पातळ पट्टी पार करून खालच्या वस्तूलाही लागतात, म्हणून नमुन्याखाली धातू ठेवू नये आणि टक्क्यांचे आकडे शब्दशः घेऊ नयेत. चांदीची पट्टी की तांब्याची, एवढ्या प्रश्नाला मात्र ते यंत्र चोख उत्तर देते. वय ते सांगत नाही, जरी एका दिरांना ते सांगेल अशी आशा होती.

आता वेलीचा धागा. तो भिंगाखाली धरताच फरक दिसला. पट्टी अधिक रुंद होती आणि तिच्या वळशांमध्ये फटी होत्या, त्यांतून नारिंगी गाभा डोकावत होता. फुलाच्या धाग्यात वळसे एकमेकांना भिडलेले होते. पट्टीचे आतले अंग पांढरट होते. छेद लाल निघाला. गाभ्यावर आखूड तंतूंची लव होती आणि जळताना कागदाचा वास आला, म्हणजे तो सुती होता. थोडक्यात, तांब्याच्या पट्टीवर चांदी, ती सुतावर गुंडाळलेली आणि त्यावर शेवटी सोन्याचा हलका मुलामा, अशी ही विसाव्या शतकातील स्वस्त जर होती. तिच्यावर सोने इतके कमी होते की घोंगडीच्या घडीत ती आत असो वा बाहेर, ती सर्वत्र काळवंडली. फुलाच्या उजळ अर्ध्यावर मात्र दाट मुलाम्याने चांदीला सांभाळले होते. आसनातील सर्वांत काळा भाग सर्वांत तरुण होता आणि माझी पहिली नोंद तिथेच पडली.

वेलीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात जरीवर आणि आजूबाजूच्या मखमलीवर मेणासारखा हिरवा थर होता. तांब्याला कोकणच्या दमट हवेत हिरवे लवकर चढते, पण सोलापूरची हवा कोरडी आहे आणि उरलेल्या वेलीवर हिरवे कुठेच नव्हते. काकूंना विचारल्यावर उलगडा झाला की, चौरंगाच्या त्याच बाजूला समई असते. तेल किंवा तूप शिळे झाले की त्यातील आम्ले तांब्याशी मिळून असा हिरवा चिकट थर करतात. चांदीच्या पट्टीवर तेल सांडले तर ती मळते, पण हिरवी होत नाही. तेव्हा जरीवर हिरवे दिसले की तांबे आहे असे समजायला हरकत नाही. फक्त हिरवे दिसले नाही म्हणून तांबे नाही असे समजू नये.

खालच्या डाव्या कोयरीने थोडा वेळ गोंधळात टाकले. ती पांढरी चमकत होती, जणू ती एकटीच रुपेरी जरीत भरली असावी. भिंगाखाली वळशांच्या फटीत पांढरी पूड अडकलेली दिसली आणि मग कोणी तरी, केव्हा तरी, ती दंतमंजनासारख्या कशाने घासल्याचे निघाले. घासणाऱ्याने काळे काढताना सोनेही काढले होते. पण नुसत्या पुडीवरून हे ठरवायची गरज नव्हती. या कोयरीचा गाभाही पिवळाच होता. रुपेरी जरीला पांढरा गाभा घालतात, कारण वळशांच्या फटीतून पिवळा दिसला तर चांदी मळकट भासते. पिवळ्या गाभ्यावर पांढरी पट्टी दिसली की ती मूळची सोनेरी होती आणि सोने गेले आहे, असे धरून चालावे.

कापड

इथपर्यंत फूल आणि कोयऱ्या एका जातीच्या, वेल दुसऱ्या जातीची, एवढे हाती आले होते. पण दोन्ही एकाच मखमलीवर होत्या. मखमल जुनी असेल तर वेल नंतरची भर आणि मखमल नवी असेल तर फुलेच कुठून तरी आलेली, असे दोन पर्याय होते आणि त्याचा निकाल मागच्या बाजूनेच लागणार होता. अस्तराची एक कड सहा सेंटिमीटर उसवायला काकूंनी परवानगी दिली. शिवण यंत्राची होती, टाके एकसारखे. उसवलेला दोरा ज्योतीजवळ नेताच वितळून त्याचा टणक मणी झाला, म्हणजे तो पॉलिएस्टरचा. अतिनील किरणांच्या छोट्या बॅटरीखाली, खिडक्या बंद करून, अस्तर निळसर पांढरे चकाकले. कापड अधिक शुभ्र दिसावे म्हणून गिरणीत जी रसायने घालतात ती अशी चकाकतात आणि त्यांचा वापर दुसऱ्या महायुद्धानंतर सर्रास झाला. धुण्याच्या आजच्या पावडरींतही ती असतात, म्हणून वस्तू कधी धुतली का, हे आधी विचारून घ्यावे लागते. आसनाला पाणी कधी लागले नव्हते आणि शिवणीच्या आत दडलेली कडही तितकीच चकाकत होती. अस्तर तर नवेच निघाले, पण अस्तर बदलणे ही सर्वसाधारण गोष्ट आहे आणि त्यावरून वरच्या कामाविषयी काहीच सिद्ध होत नाही.

मखमलीच्या लवेचे चार-पाच तंतू कडेच्या आत वळवलेल्या भागातून घेतले. त्यांना रेशमाची चमक होती, पण जळताना कागदाचा वास आला आणि राख फिकी, हलकी पडली. चमक रेशमाची आणि वास कागदाचा असे दोन्ही एकत्र आले की तो बहुधा व्हिस्कोस, म्हणजे ज्याला बाजारात कृत्रिम रेशीम म्हणत, तो असतो. हा तंतू विसाव्या शतकाच्या आरंभापासून व्यापारी प्रमाणावर निघू लागला. म्हणजे ही मखमल त्याआधीची असू शकत नाही. पेशवाई 1818 मध्ये संपली होती.

मग मखमलीची पाठ पाहिली. माझ्या मते या प्रकरणातला निर्णायक पुरावा तिथे होता आणि तो पाहायला भिंगही लागत नव्हते. मखमलीवर थेट भरलेले काम असेल तर जर अडकवणारे शेकडो बारीक टाके पाठीवर उमटतात आणि पाठीकडून फुलाचा आराखडा ओळखू येतो. वेलीच्या मागे ते टाके होते. फुलाच्या आणि कोयऱ्यांच्या मागे मात्र मधला भाग कोरा होता, फक्त कडेकडेने जाड सुती दोऱ्याचे, पाच-सहा मिलिमीटर अंतरावरचे, घाईने घातलेले टाके फिरले होते. फुले या मखमलीवर भरलेलीच नव्हती. दुसरीकडून कापून आणून इथे शिवली होती. वर येऊन फुलाची कड पुन्हा पाहिली. तिच्याभोवती जाड जरीचा पीळ गोटासारखा फिरवला होता आणि पहिल्या भेटीत मी तो सजावट म्हणून सोडून दिला होता. हा पीळ वेलीच्याच जातीचा निघाला. त्याचे काम कापलेली कड झाकण्याचे होते. दोन ठिकाणी तो उचकटला होता. तिथून भिंगाने आत पाहिले तेव्हा फुलाच्या कडेला, जेमतेम दीड मिलिमीटर रुंदीची, आखूड कापलेल्या लवेची पट्टी दिसली. तिचा रंग आताच्या मखमलीसारखा जांभळट नव्हता, तर जुन्या डाळिंबासारखा होता. तिच्यातून निघालेला एक तंतू जाळला तर केसांचा वास आला. फुलांची मूळ मखमल रेशमी होती आणि तिचा एवढाच अंश उरला होता.

त्या मूळ मखमलीच्या खाली आणखी एक कापड होते. कारचोबावर, म्हणजे भरतकामाच्या मोठ्या चौकटीवर, मखमल ताणताना तिला जोर यावा म्हणून खाली सुती कापड धरतात आणि जरीचे टाके दोन्हींतून जातात. फुले कापताना हे कापडही त्यांच्याबरोबर कापले गेले होते. म्हणून त्याचे वय भरतकामाच्या वयाशी बांधलेले होते, मखमलीच्या किंवा अस्तराच्या वयाशी नव्हे. उचकटलेल्या जागेतून त्याची कड दीड सेंटिमीटरभर दिसत होती. ते साध्या विणीचे, सेंटिमीटरला एका दिशेने 24 आणि दुसऱ्या दिशेने 22 धाग्यांचे होते आणि धागे लक्षात येण्याइतके एकसारख्या जाडीचे होते. हातचरख्याच्या सुतात जाड-बारीक आणि मध्येच गाठीसारखे फुगवटे येतात. इथे एकही नव्हता. म्हणजे सूत गिरणीत कातलेले होते, मग कापड मागावर विणलेले असो की यंत्रावर.

सोलापुरात बसून हे सांगताना जरा गंमत वाटते. गिरणीचे सूत विलायतेहून हिंदुस्थानात 1820 नंतर वाढत्या प्रमाणात येऊ लागले, मुंबईची पहिली कापडगिरणी 1854 मध्ये स्थापन झाली आणि सोलापूरची ‘जुनी मिल’ 1870 च्या दशकातली. हे कापड कोणत्या गिरणीच्या सुताचे आहे ते सांगता येत नाही, पण ते पेशवाईतल्या कारखान्यात चौकटीवर ताणलेले असण्याचा संभव उरत नाही. याच्या उलट चूकही होते, म्हणून तीही सांगतो. हे कापड हातसुताचे निघाले असते तरी ‘म्हणजे जुने’ असे म्हणता आले नसते, कारण 1920 नंतर खादी पुन्हा घरोघरी आली आणि 1930 सालची खादी भिंगाखाली शंभर वर्षांपूर्वीच्या हातसुतासारखीच दिसते. गिरणीचे सूत ‘याच्या आधीचे नाही’ असे सांगते. हातसूत वयाविषयी जवळजवळ काहीच सांगत नाही.

फुलाखाली उठाव आणण्यासाठी काय भरले आहे, हेही पाहिले. कधी कधी कारागीर तिथे रद्दी कागद कापून घालतात आणि त्यावर छापील अक्षरे सापडली तर वयाचा प्रश्न एका ओळीत सुटतो. मी त्या आशेने बराच वेळ डोकावत राहिलो. तिथे नुसते सुताचे जाड दोरे होते.

निष्कर्ष

मी कुटुंबाला लिहून दिले ते असे. आसन एका वेळी केलेले नाही. फूल आणि चार कोयऱ्या चांदीवर दोन्ही अंगांनी सोने असलेल्या, रेशमी गाभ्याच्या कलाबतूच्या आहेत. त्या मूळ रेशमी मखमलीवर, गिरणीच्या सुताचे कापड खाली धरून भरल्या होत्या. सूत पाहता त्या पेशवाईच्या नाहीत. तार आणि गाभा पाहता त्या विसाव्या शतकाच्या मध्यानंतरच्या असाव्यात असे वाटत नाही. माझा अंदाज 1860 ते 1920 या काळाचा आहे आणि तो अंदाजच आहे, कारण ही जर त्या साऱ्या काळात जवळजवळ एकाच रीतीने होत राहिली आणि तारेवरून याहून बारीक सांगता येत नाही. मूळ वस्तू आसनच होती की झूल, पडदा की आणखी काही, हे उरलेल्या तुकड्यांवरून कळत नाही. ती जीर्ण झाल्यावर कोणी तरी फुले कापून नव्या व्हिस्कोस मखमलीवर शिवली, कडेने तांब्याच्या जरीची वेल भरली आणि कापलेल्या कडा पिळाने झाकल्या. अस्तर त्यानंतर बदलले.

धाकट्या दिरांचा प्रश्न रास्त होता. फुले जुनी आहेत तर मग वस्तू जुनी का नाही? मी त्यांना सांगितले की, आसन म्हणून ते व्हिस्कोस मखमलीइतके जुने, फुले म्हणून ती त्याहून जुनी. किंमत करायचीच असेल तर फुलांची वेगळी करावी. मात्र फुले पुन्हा उसवून वेगळी करू नयेत, कारण दुसऱ्यांदा कापताना उरलेली दीड मिलिमीटर मखमल आणि कडेचे कापड दोन्ही जातील आणि वर लिहिलेल्यापैकी निम्म्या गोष्टी मग कोणालाच दाखवता येणार नाहीत. व्यापाऱ्याने पुढे जरीच्या वजनावर दर लावून पाहिला, म्हणजे ती मोडीत काढण्याच्या बेताने. त्यावर काकूंनी त्याला चहा दिला आणि वाटेला लावले.

काळी जर साफ करून द्यावी का, असे विचारले गेले आणि मी नको म्हणालो. सल्फाइडचा थर काढताना त्याखालची चांदी थोडी जातेच आणि तिच्यावर उरलेले सोने तिच्याबरोबर जाते. घासलेली कोयरी समोरच होती. घोंगडी मात्र ट्रंकेतून बाहेर काढली. आसन आता दुमडलेले नाही. ते बिनखळीच्या, धुतलेल्या मांजरपाटात, सपाट खोक्यात ठेवले आहे, आणि समई चौरंगाच्या दुसऱ्या बाजूला गेली आहे. उसवलेली सहा सेंटिमीटर कड मी सुती दोऱ्याने, मुद्दाम वेगळ्या रंगाच्या, पुन्हा शिवली, म्हणजे पुढे कोणी उघडले तर माझे टाके त्याला जुन्या टाक्यांत मिसळलेले दिसणार नाहीत. वाटणीच्या कागदावर आधी ‘पेशवेकालीन आसन’ असे लिहिले होते. ते खोडून काकूंनी स्वतःच्या अक्षरात ‘जुन्या फुलांचे मखमली आसन’ असे लिहिले.